नोटीस पिरियड किती? रिक्रूटरच्या पहिल्या फोनची तयारी, बडोद्याच्या घरातून

रिक्रूटरचा पहिला फोन साधारण दहा-पंधरा मिनिटांचा असतो. त्यात तुमच्या कामाची खोलात जाऊन परीक्षा होत नाही; ती पुढच्या फेरीत तांत्रिक माणसं घेतात. पहिल्या फोनवरची व्यक्ती समोर एक शीट उघडून बसलेली असते. त्यात सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड, ठिकाण, इंटरव्ह्यूला कधी उपलब्ध असे रकाने असतात आणि एकेका रकान्यात एकेक आकडा भरायचा असतो. मी अलकापुरीतल्या एका छोट्या भरती संस्थेत नऊ वर्षं हे फोन केले. अनुभव चांगला असलेली मुलं या फोननंतर मागे पडताना मी पाहिली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं अडायचं ते एकाच रकान्यात, नोटीस पिरियडच्या. म्हणून पगार, अनुभव वगैरे गोष्टी इथे थोडक्यात आटोपते आणि नोटीस व उपलब्धता या दोन गोष्टींवर सविस्तर लिहिते.

आमच्या दांडिया बाजारातल्या शेजारच्या मुलाचं उदाहरण धरून चालू. तो मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे, तीन वर्षं झाली. मागच्या खेपेला पुण्याच्या रिक्रूटरने त्याला विचारलं, "नोटीस किती?" तो चटकन म्हणाला, "एक महिना." तिने 30 लिहिलं. दोन फेऱ्या झाल्या, ऑफर आली, रुजू होण्याची तारीख त्या 30 दिवसांवर ठरली. राजीनामा दिल्यावर त्याच्या एचआरने दाखवलं की नोटीस 60 दिवसांची आहे. नव्या कंपनीला त्या जागेवर माणूस लवकर हवा होता. त्यांनी ऑफर मागे घेतली. सुदैवाने जुन्या कंपनीने राजीनामा परत घेऊ दिला. तो खोटं बोलला नव्हता. नेमणुकीच्या वेळी वाचलेलं त्याच्या डोक्यात राहिलं होतं, इतकंच.

आधी कागद काढा

आठवणीवर जाऊ नका. तीन कागद समोर ठेवा: अपॉइंटमेंट लेटर, कन्फर्मेशन लेटर आणि शेवटचं बढतीचं किंवा पगारवाढीचं पत्र. बऱ्याच कंपन्यांत प्रोबेशनमध्ये नोटीस कमी असते आणि कायम झाल्यावर वाढते. त्या मुलाच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये पहिल्याच पानावर 30 दिवस होते, पण ते प्रोबेशनपुरते. चौथ्या पानावर "कन्फर्मेशननंतर 60 दिवस" असं होतं, आणि कन्फर्मेशन लेटरमध्येही तेच पुन्हा लिहिलेलं होतं. कधीकधी वरच्या ग्रेडवर गेलं की बढतीच्या पत्रातल्या एका ओळीने 60 चे 90 होतात. शेवटची तारीख असलेलं पत्र आधी वाचा. त्यात नोटीसचा उल्लेख नसेल तर त्याच्या आधीचं वाचा, असं मागे मागे जा. पत्रात नुसतं "कंपनीच्या धोरणाप्रमाणे" लिहिलेलं असेल तर धोरणाची सध्याची प्रत एचआर पोर्टलवर मिळते का ते पाहा.

कलम सापडलं की त्यात तीन गोष्टी शोधा.

पहिली, दिवस कोणते. "60 दिवस" आणि "दोन महिने" यात एक-दोन दिवसांचा फरक पडतो, तो किरकोळ आहे. पण "कामाचे दिवस" असा शब्द असेल तर साप्ताहिक सुट्ट्या वगळून मोजणी होते आणि 60 दिवस अडीच महिन्यांवर जातात. तसा शब्द नसेल तर सहसा कॅलेंडरचे दिवस धरतात.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: नोटीसऐवजी पैसे भरून सुटता येतं का, आणि ते कोणी ठरवायचं. "दोन्हीपैकी कोणताही पक्ष नोटीस किंवा तितक्या दिवसांचा पगार देऊ शकेल" असं असेल तर निवड तुमच्याही हातात आहे. "कंपनीच्या मर्जीनुसार" किंवा "व्यवस्थापनाच्या संमतीने" असे शब्द असतील तर पैसे भरायची तुमची तयारी असून भागत नाही, साहेबांचा होकार लागतो. रिक्रूटरला "बायआउट आहे" असं सांगण्याआधी हा फरक डोळ्यांनी वाचलेला असू द्या. पैसे मूळ पगारावर मोजतात की एकूण पगारावर, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

तिसरी, सुट्ट्या. शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती होईल असं पुष्कळजण धरून चालतात. अनेक ठिकाणी ती फक्त परवानगीने होते, आणि काही ठिकाणी नोटीसच्या काळात रजा घेतली तर तितके दिवस नोटीस पुढे सरकते. कागदावर लिहिलेलं नसेल तर ही वजाबाकी फोनवर बोलू नका.

आता तारीख काढा

रिक्रूटर "नोटीस किती" विचारते तेव्हा तिला खरं तर माणूस कोणत्या तारखेला येईल हे हवं असतं. इथे नवे लोक एक चूक हमखास करतात. ते आजपासून मोजतात. नोटीस राजीनाम्याच्या दिवसापासून सुरू होते आणि राजीनामा लेखी ऑफर हातात आल्यावरच द्यायचा असतो. मधे फेऱ्या, पगाराची बोलणी, कागदपत्रांची छाननी यात दोन-तीन आठवडे सहज जातात.

त्या मुलाने या वेळी माझ्यासमोर बसून हिशोब केला. फोन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात होता. फेऱ्या सुरळीत झाल्या तर ऑफर सोमवार, 24 ऑगस्टच्या सुमारास येईल असं धरलं. राजीनामा 25 ऑगस्टला. तो दिवस पहिला धरला तर ऑगस्टचे 7, सप्टेंबरचे 30 असे 37 झाले. उरलेले 23 ऑक्टोबरमधले. म्हणजे शेवटचा दिवस शुक्रवार, 23 ऑक्टोबर आणि रुजू होता येईल सोमवार, 26 ऑक्टोबरला. काही कंपन्या राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. तेव्हा एक दिवस पुढे जातो, पण सोमवार तोच राहतो. बडोदे ते पुणे सामान हलवायला आणि भाड्याची खोली बघायला त्या दोन दिवसांत जमणार नाही, म्हणून त्याने स्वतःला थोडी सवड ठेवून 28 ऑक्टोबर, बुधवार ही तारीख धरली. मला हे पटलं. आधी सांगितलेली तारीख नंतर पुढे ढकलणाऱ्यापेक्षा दोन दिवस उशिराची सांगून पाळणारा उमेदवार रिक्रूटरला जास्त उपयोगी पडतो, कारण तीच तारीख ती पुढे साहेबांना देते.

हा हिशोब तुमच्या प्रोफाइलशीही जुळला पाहिजे. नोकरीच्या पोर्टलवर नोटीस पिरियड निवडायचा रकाना असतो आणि रिक्रूटर त्याच्यावर गाळणी लावून नावं काढते. तुमचं प्रोफाइल तीन वर्षांपूर्वीचं असेल तर तिथे अजून एक महिनाच दिसत असेल. बोलताना तिच्यासमोर ते पान उघडं असतं. तोंडी 60 आणि पडद्यावर 30 हे दिसलं की तुमच्या बाकीच्या उत्तरांवरचाही तिचा विश्वास उडतो. फोनच्या आधी ते दुरुस्त करा.

उत्तर कसं द्यायचं

रकान्यात मावेल इतकं. आकडा, तो कधीपासून लागू, आणि त्यात काय बदलू शकतं, या क्रमाने, दोन-तीन वाक्यांत. त्या मुलाने वहीत लिहिलेलं उत्तर असं होतं:

"माझा नोटीस पिरियड 60 दिवसांचा आहे, कॅलेंडरचे दिवस. अजून राजीनामा दिलेला नाही. ऑफर लेटर मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी देईन. 24 ऑगस्टपर्यंत ऑफर झाली तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात रुजू होऊ शकतो."

इथे थांबायचं. पुढे "म्हणजे बघा, आमचे साहेब तसे चांगले आहेत, सोडतील कदाचित लवकर" हे जोडायचं नाही. त्या "कदाचित"चं शीटमध्ये काय लिहायचं हे तिला कळत नाही; घाईत असेल तर ती 45 लिहून मोकळी होते आणि मग ते 45 तुमच्या गळ्यात पडतात.

पुढचा प्रश्न येतोच: "कमी होईल का?" याला खरं उत्तर तीनपैकी एक असतं, आणि तिन्ही चालतात. कलमात निवड तुमची असेल तर: "हो, माझ्या पत्रात तशी तरतूद आहे. मला हातातलं काम सोपवायला किमान 40 दिवस लागतील, उरलेल्या 20 दिवसांचे पैसे भरून निघता येईल." कंपनीची मर्जी लागत असेल तर: "तरतूद आहे, पण ती व्यवस्थापनाच्या संमतीवर आहे. मी राजीनाम्याच्या दिवशीच लेखी विचारीन आणि उत्तर तुम्हाला कळवीन. तोपर्यंत कृपया 60 च धरा." आणि तरतूदच नसेल तर: "नाही, 60 च दिवस." हे तिसरं उत्तर द्यायला मुलं घाबरतात. पण ज्या जागेला 60 दिवस चालतच नाहीत तिथे ते फोनवरच कळलेलं बरं. राजीनामा दिल्यावर कळलं तर काय होतं ते वर सांगितलंच.

बायआउटची गोष्ट निघाली तर आकडा माहीत हवा. एकूण मासिक पगार 36,000 असेल आणि कलम एकूण पगारावर मोजत असेल तर दिवसाला 1,200, आणि 20 दिवसांचे 24,000. नवी कंपनी ते भरून देणार का हा प्रश्न रिक्रूटरला विचारण्याजोगा आहे. विचारताना "रुजू झाल्यावर पावती दाखवून मिळतात का, आणि किती महिन्यांच्या आत सोडलं तर परत द्यावे लागतात" हेही विचारा, कारण भरपाई अनेकदा अशा अटींवर असते.

तुम्ही आधीच राजीनामा दिला असेल तर उत्तर वेगळं आणि सोपं आहे. तेव्हा दिवस सांगू नका, तारीख सांगा: "नोटीसवर आहे, शेवटचा दिवस 11 सप्टेंबर, राजीनामा स्वीकारल्याची मेल माझ्याकडे आहे." हातात दुसरी ऑफर आहे का असं विचारलं आणि ती असेल तर लपवू नका, नुसतं "एक आहे, त्यांना अमुक तारखेपर्यंत कळवायचं आहे" एवढं पुरतं.

"लगेच रुजू होतो" हे फक्त त्यांनीच म्हणायचं ज्यांच्या हातात रिलीव्हिंग लेटर आहे. जुन्या कंपनीतून न सुटता नवीकडे गेलात तर भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात दोन्हीकडच्या तारखा एकमेकींवर चढतात. यूएएन एकच असल्यामुळे पडताळणीत ते दिसतं.

इंटरव्ह्यूसाठी कधी मोकळे आहात?

"कधीही चालेल" हे उत्तर नम्र वाटतं, पण ते रिक्रूटरला काही देत नाही. तिला दोन-तीन माणसांच्या वेळा जुळवायच्या असतात. तुम्ही कामावर असाल तर कधीही चालणारही नाही. शॉपफ्लोअरवरून व्हिडिओ कॉल घेता येत नाही. फोनच्या आधी पुढच्या आठ-दहा दिवसांचं कॅलेंडर काढा आणि तीन वेळा निवडा, तारीख आणि तासासकट. शिफ्ट बदलत असेल तर ते त्यात धरा. त्या मुलाची पहिली शिफ्ट सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा. त्याने लिहिलं: "या आठवड्यात पहिली शिफ्ट आहे, संध्याकाळी पाचनंतर कधीही. 10 तारखेपासून दुसरी, तेव्हा सकाळी दहा ते एक. समोरासमोर यायचं असेल तर चार दिवस आधी सांगितलंत तर रजा टाकून पुण्याला येईन." रिक्रूटरला हे जसंच्या तसं पुढे पाठवता येतं.

शांत जागा

आमच्या बाजूच्या जुन्या घरांचा पुढचा भाग रस्त्यावर असतो. रावपुरा, दांडिया बाजार इथे सकाळी दहानंतर हॉर्न थांबत नाहीत, आणि गणपती-नवरात्रात संध्याकाळी सातनंतर कुठून ना कुठून माइक टेस्टिंग सुरू होतं. घरातली सगळ्यात आतली खोली घ्या, जिथे कपाटं, गाद्या, कपडे आहेत. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गोधड्या आणि कपडे तो शोषून घेतात. आमच्या त्या मुलाने माजघर निवडलं. जाड भिंतींमुळे तिथे शांतता होती, पण फोनला एकच दांडी येत होती. हे जुन्या वाड्यांत नेहमीचंच आहे. घरी वायफाय असेल आणि तुमचा फोन व सिमकंपनी देत असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. तसं नसेल तर शांत खोलीपेक्षा रेंज असलेली खोली निवडून खिडक्या लावून घ्या. आवाज तुटत राहिला तर नीट दिलेलं उत्तरही समोर पोचत नाही.

जागा कानाने तपासा. फोन ज्या वेळी यायचा आहे त्याच वेळी आदल्या दिवशी तिथे बसून रेकॉर्डरवर दोन मिनिटं तुमचं नोटीसचं उत्तर बोला आणि ऐका. पंख्याचा घरघराट, कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही हे आपल्या कानाला सवयीचं झालेलं असतं, रेकॉर्डिंगमध्ये ते लगेच ऐकू येतं. छताचा पंखा थेट डोक्यावर असेल तर माइकवर हवा आपटून फडफड येते. फोनपुरता तो बंद करा किंवा दोन हात बाजूला सरका. स्पीकरवर बोलू नका. वायरचे इयरफोन चांगले, पण माइक शर्टाच्या कॉलरला घासणार नाही असा ठेवा. सावलीत उभी केलेली गाडी, काचा वर, एसी बंद, ही जागाही दहा मिनिटांसाठी छान आहे. कमाटीबाग मात्र नको. सकाळी शांत वाटते, पण वारा आणि पक्षी दोन्ही माइकमध्ये येतात.

फोनमध्ये अनोळखी नंबर आपोआप गप्प करणारी सेटिंग आणि डू नॉट डिस्टर्ब बंद आहे का पाहा. रिक्रूटरचा नंबर तुमच्याकडे जतन केलेला नसतो, आणि तिचा कॉल न वाजताच जातो. कॉल वेटिंगही तेवढा वेळ बंद ठेवा. घरच्यांना वेळ सांगून ठेवा; आजीला विशेषतः, कारण दार लावलेलं दिसलं की ती चहा घेऊन येतेच.

ठरलेल्या वेळेआधी, कामावर असताना अचानक फोन आला तर? कॉम्प्रेसरच्या बाजूला उभं राहून नोटीस सांगू नका. दोन वाक्यं पुरतात: "नमस्कार मॅडम, मी आत्ता कामावर आहे, इथे आवाज खूप आहे. आज सव्वापाचला किंवा उद्या सव्वापाचला फोन करता येईल का?" मी स्वतः असा निरोप कधी वाईट मानला नाही. गोंगाटात अर्धवट ऐकून चुकीचा आकडा लिहिण्यापेक्षा मला पुन्हा फोन करणं सोपं होतं.

फोनच्या वेळी

समोर एकच कागद ठेवा. वर नोटीसचं उत्तर, त्याखाली तीन मोकळ्या वेळा, मग सध्याचा वार्षिक सीटीसी, हातात येणारा पगार आणि अपेक्षित आकडा. सीटीसी आणि हातातला पगार यांची गल्लत होते, म्हणून दोन्ही वेगवेगळे लिहा. समोरची व्यक्ती ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत बोला. पुण्याची मॅडम मराठीत बोलली तर मराठीत, पण आपल्या बडोद्याच्या मराठीत गुजराती शब्द सहज येतात, तेवढे सांभाळा. आकडे आणि तारखा मात्र कोणत्याही भाषेत महिन्याच्या नावासकट सांगा. "पुढच्या महिन्याअखेर" म्हणजे कोणता महिना हे दोघांना दोन वेगळे वाटू शकतात.

प्रश्न संपल्यावर उत्तर द्या, आणि उत्तर संपलं की गप्प बसा. पलीकडे ती टाइप करत असते. ती शांतता भरून काढायला बोलत गेलं की मघाचं "कदाचित" तोंडातून निघतं. शेवटी एकदा विचारा, "नोटीस आपण 60 दिवस अशीच नोंदवली ना?" यात आगाऊपणा काही नाही.

कोणी फोनवर नोंदणीचे पैसे, ओटीपी किंवा बँकेचा तपशील मागितला तर तो रिक्रूटरचा फोन नाही, ठेवून द्या.

फोन संपला की अर्ध्या तासात तिच्या नंबरवर किंवा मेलवर लिहून पाठवा. त्या मुलाने पाठवलेला मजकूर हा होता:

"नमस्कार मॅडम, आत्ताच्या बोलण्याप्रमाणे: नोटीस पिरियड 60 कॅलेंडर दिवस, राजीनामा दिलेला नाही. बायआउट व्यवस्थापनाच्या संमतीवर अवलंबून. 24 ऑगस्टपर्यंत ऑफर झाल्यास 28 ऑक्टोबरला रुजू होऊ शकतो. इंटरव्ह्यूसाठी 9 ऑगस्टपर्यंत संध्याकाळी पाचनंतर, 10 पासून सकाळी दहा ते एक. कन्फर्मेशन लेटरमधलं नोटीसचं पान हवं असल्यास पाठवतो."

तिचं उत्तर आलं, "पान पाठवा, आणि 11 तारखेला सकाळी साडेअकरा चालेल का?" त्याने पगाराचा आकडा झाकून पानाचा फोटो पाठवला आणि 11 तारखेपुढे वहीत खूण केली.